बारा

पावणेसातला रिपोर्टरचा फोन आला. तीन मजली इमारतीचा मागचा भाग कोसळला होता आणि अग्निशमन दल नुकतंच पोचलं होतं. व्हिज्युअल्स नव्हते, आकडाही नव्हता. सातच्या बुलेटिनला अँकरताई याच बातमीवर उभ्या राहणार होत्या आणि त्यांच्या बोलण्याच्या ओळी लिहायच्या होत्या डेस्कवर नव्याने आलेल्या मुलाने.

त्याने प्रॉम्प्टरवर चढवलं : 'इमारत कोसळून 12 जणांचा मृत्यू.'

आऊटपुट एडिटरनी ओळ अडवली. "मोजले कोणी?"

"सर, दोन चॅनेलवर बाराच चाललंय."

"त्या दोघांना कोणी सांगितलं?"

मुलगा गप्प झाला. सरांनी त्याला थोडक्यात 1981 सालची गोष्ट सांगितली. रेगन यांच्यावर गोळीबार झाला त्या दिवशी अमेरिकेतल्या बड्या वाहिन्यांनी त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रॅडी गेल्याचं सांगून टाकलं होतं. एबीसीचे अँकर फ्रँक रेनॉल्ड्स यांना ते पडद्यावरच मागे घ्यावं लागलं आणि खात्री करून द्या, म्हणून ते सहकाऱ्यांवर उघडपणे संतापले. ब्रॅडी 2014 पर्यंत जगले.

मग सरांनी स्वतः ओळी लिहिल्या : 'अग्निशमन दलाने सहा पन्नासला आम्हाला दिलेल्या माहितीनुसार इमारतीचा मागचा भाग कोसळला आहे. आत किती जण होते, हे दलालाही अजून कळलेलं नाही. आमचे प्रतिनिधी तिथेच आहेत.'

"कोणी सांगितलं, ते आधी घे. ताईंच्या कानात मध्येच सूचना गेली आणि वाक्य तुटलं, तरी नुसता आकडा हवेत राहत नाही. वेळ घाल, कारण सहा पन्नासचं खरं सात दहाला बदललेलं असतं. आणि जे कळलेलं नाही, तेही लिहूनच दे. ती जागा मोकळी सोडलीस, की अँकर कितीही मुरलेला असो, बोलता बोलता 'बहुधा' म्हणून अंदाज भरतो. वेळ काढायला कोणता रस्ता बंद आहे, जखमींना कुठे नेतायत, ते दे. बांधकाम निकृष्ट होतं का, यावर आज एक शब्द नको."

ताईंनी त्या ओळी चारदा फिरवल्या, दर वेळी नवी वेळ घालून. साडेसातला रिपोर्टरला बाराचा उगम सापडला. शेजारच्या बाईंनी कोणाच्या तरी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं, "बारा माणसं राहतात हो तिथे." राहतात, एवढंच. त्यातली सात जणं नात्यातल्या हळदीला गेली होती.

आठच्या सुमारास हळदीच्या हॉलमधून चॅनेलला फोन आला. "टीव्हीवर बारा गेले म्हणतायत. आमचे पाच घरी होते. तुमच्याकडे काय आहे?"

मुलाने समोरची ताजी ओळ वाचून दाखवली : 'अग्निशमन दलाने सात पंचावन्नला सांगितल्यानुसार तिघांना जिवंत बाहेर काढलं आहे, दोघांचा शोध सुरू आहे.' मग त्याने रुग्णालयाचं नाव सांगितलं, नंबर दिला आणि तो लिहून होईपर्यंत फोन धरून ठेवला.