मागच्या रांगेतले फोटोबहाद्दर

शेवटच्या दोन रांगा, उभ्या राहा. मेटफॉर्मिन कोणाला देऊ नये, या प्रश्नाला तुम्ही सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलंय: 'क्रिएटिनिन 1.5 च्या वर, ईजीएफआर 30 च्या खाली.' चूकही एकच, म्हणजे फोटोही एकच फिरलाय.

माझ्या स्लाईडवर वर 'निषिद्ध' होतं. त्याखाली आत सरकवून 'जुना निकष' आणि 'सध्याचा निकष', आणि आकडे त्याहून आत. जुन्याखाली पुरुषांसाठी 1.5, स्त्रियांसाठी 1.4. सध्याच्याखाली ईजीएफआर 30. तळाशी बारीक अक्षरांत 'अमेरिकी एफडीए, एप्रिल 2016', म्हणजे निकष बदलला तो महिना. तुम्ही रद्द झालेला नियम चालू नियमाच्या शेजारी बसवलात! तिशीतल्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.6 असेल, तर ईजीएफआर साधारण 59 येतो. औषध चालणाऱ्या या माणसाला तुम्ही परत पाठवणार.

आता तुमचा फोटो बघा. पडदा तीन मीटर रुंद, तुम्ही अठरा मीटर मागे. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात पडदा चौकटीच्या आठव्या भागात मावतो. चार हजार पिक्सेलांच्या फोटोत स्लाईडला जेमतेम पाचशे मिळतात. त्यात शीर्षकाचं अक्षर वीस-बावीस पिक्सेल उंच, तळटीप सहाच. सहा पिक्सेलांत 2016 आणि 2018 सारखेच दिसतात. नंतर बोटांनी मोठं केलंत तर ठिपके मोठे होतात, अक्षरं नाही.

त्यात तुम्ही कोपऱ्यातून तिरका फोटो काढलात. आत सरकवलेल्या ओळींमधलं अंतर आधीच थोडं, ते आणखी आक्रसलं आणि पातळ्या एका रेषेत आल्यासारख्या दिसल्या. 'जुना निकष' मी मुद्दाम फिकट करड्या रंगात लिहिला होता. अंधाऱ्या हॉलमध्ये फोन उजेड वाढवतो, पडदा पांढराफटक होतो, मग करडी अक्षरं उरतील कशी? आकडे उरले, त्यांचे मथळे गेले. तरी कोणाला शंका आली नाही. एकाच औषधाला दोन वेगवेगळ्या मोजमापांच्या मर्यादा का, एवढंही विचारलं नाहीत!

यापुढे फोटो काढायचाच असेल तर तिसऱ्या रांगेत, पडद्यासमोर मधोमध बसा. स्लाईडच्या पांढऱ्या भागावर बोट टेकवून उजेड कमी करा आणि तळटीप वाचता येते का ते तिथेच तपासा. येत नसेल तर हात वर करा, मी वाचून दाखवेन. वहीत उतरवताना प्रत्येक आकड्यामागे तो कोणत्या मथळ्याखालचा, हे लिहा. मथळा सापडला नाही, तर तो आकडा खोडा.

उद्या हीच स्लाईड वहीत तीन पातळ्यांसह, तळटिपेसकट हवी. बसा.