तीन पिंड आणि सात पिढ्या

माणूस वारल्यावर लगेच पितर होत नाही. श्राद्धविधीच्या दृष्टीने तो आधी प्रेत असतो, म्हणजे घरातून गेलेला, पण पूर्वजांच्या रांगेत अजून न पोहोचलेला. त्याला त्या रांगेत बसवणारा विधी म्हणजे सपिंडीकरण. शास्त्राप्रमाणे तो वर्ष संपताना करायचा. पण घरातली मंगलकार्ये तोवर अडून राहतात, म्हणून महाराष्ट्रात तो बहुधा बाराव्या दिवशीच उरकतात. वर्षश्राद्ध, दरवर्षीची पुण्यतिथी आणि पितृपंधरवडा या साऱ्यांना अर्थ येतो तो या विधीनंतर. नात्याची मोजणी कशी होते हेही इथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

समजा, गणपतराव वारले. त्यांचे वडील विष्णुपंत, आजोबा महादेव आणि पणजोबा रघुनाथ आधीच गेलेले आहेत. मुलगा दिनकर विधीला बसला आहे. भाताचे तीन गोल पिंड या तिघांचे, आणि एक लांबट पिंड गणपतरावांचा. दिनकर त्या लांबट पिंडाचे तीन भाग करतो आणि एकेक भाग एकेका गोल पिंडात मिसळून टाकतो. अर्घ्याचे पाणीही तसेच मिसळले जाते. त्यानंतर दिनकर जेव्हा केव्हा श्राद्ध करील तेव्हा तो तीनच नावे घेईल: वडील गणपतराव वसुरूप, आजोबा विष्णुपंत रुद्ररूप, पणजोबा महादेव आदित्यरूप. रघुनाथांचे नाव आता उच्चारले जाणार नाही. पिंड दिल्यावर हाताला चिकटलेला भात दर्भावर पुसतात. तो लेप रघुनाथांचा आणि त्यांच्याही वरच्या दोघांचा. पिंडाचे तिघे, लेपाचे तिघे आणि करणारा स्वतः, असे सात पुरुष झाले. सपिंड नात्याची परंपरागत हद्द ती हीच. त्यापलीकडच्यांशी उरतो तो केवळ पाण्याचा संबंध.

पूर्वजपूजा म्हणजे पूर्वजांना कायम लक्षात ठेवणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात हा विधी विसरण्यालाही वेळापत्रक घालून देतो, आणि त्याचे शहाणपण यातच आहे. ज्यांना पाहिले किंवा ज्यांच्याविषयी पाहिलेल्यांकडून ऐकले, तेवढ्यांचीच नावे टिकतात. नवा मृत खालून आला की प्रत्येक जण एक पायरी वर सरकतो आणि सर्वांत वरचा नाव सोडून समूहात मिसळतो. जो आज पिंड देतो त्याला आपली जागाही ठाऊक असते: उद्या वसू, मग रुद्र, मग आदित्य आणि शेवटी हाताला लागलेला भात.

या रचनेत प्रेमापेक्षा जागा महत्त्वाची आहे. वडील हयात असताना मुलाने आजोबांचे श्राद्ध करायचे नसते, मग आजोबांनी त्याला कितीही अंगाखांद्यावर खेळवलेले असो. कर्तव्याचा अधिकार वडिलांच्या मृत्यूबरोबरच त्याच्याकडे येतो. महाराष्ट्रात याला एक गोड अपवाद आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्याच दिवशी, आजेपाड असते. त्या दिवशी वडील जिवंत असलेला नातूही आईच्या मृत वडिलांचे श्राद्ध करू शकतो. पितृवंशाची चौकट इतकी घट्ट असताना आईच्या माहेरासाठी त्यात एक दार मुद्दाम उघडे ठेवले गेले.

पितृपंधरवड्यातल्या महालयात तर ही चौकट बरीच रुंदावते. वडील-आजोबा-पणजोबांनंतर आई-आजी-पणजी येतात, मग आईकडचे आजोबा आणि त्यांच्या वरचे दोघे. त्यानंतर पत्नी, मुलगे, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, शिष्य, स्नेही अशी मोठी यादी संकल्पात वाचली जाते. वार्षिक श्राद्ध वंशाची सरळ रेघ आखते, तर महालय त्या घराचा गोतावळा मांडतो. ज्यांचे कोणी नाही त्यांनाही कुणीतरी नाव घेऊन तिलोदक द्यावे, ही काळजी या यादीत आहे. नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी वेगळी ठेवलेली आहे.

सगळ्या मराठी घरांत हा मंत्रोक्त विधी होत नाही. गावोगावी शेतकरी घरांत म्हाळ घालतात. पिढ्या मोजण्याऐवजी पितरांना जेवू घालणे हेच त्याचे मर्म. खानदेशात आखाजीला पाण्याने भरलेली घागर पूजतात आणि पुरणपोळी-आंब्याच्या रसाचा घास निखाऱ्यावर टाकतात, त्याला आगारी म्हणतात. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे आणि तिची दखल कमी घेतली जाते. पितरांचे अन्न शिजवतात त्या घरच्या सुना, म्हणजे दुसऱ्या कुळातून आलेल्या स्त्रिया. ज्या वंशाचे नाव पुरुष घेतात, त्याला जेवू घालण्याचे काम त्या करतात.

कर्तव्याची बाजू सर्वांत उघडी पडते ती दहाव्या दिवशी. नदीकाठी पिंड मांडून सगळे दूर उभे राहतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवेना, की कुजबुज सुरू होते: जीव कशात अडकला असेल? मग कोणीतरी पुढे होऊन मोठ्याने सांगतो की धाकटीचे लग्न करून देऊ, आईला अंतर देणार नाही, कर्ज फेडू. तरीही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. श्रद्धा बाजूला ठेवली, तरी घडते ते असे की मृताची अपुरी जबाबदारी भावकीसमोर वारसाच्या गळ्यात पडते आणि त्याला तिची कबुली जाहीरपणे द्यावी लागते.

जबाबदारीबरोबर मालमत्ताही येते. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत सपिंडत्व शरीराच्या समान अंशावर ठरते. बंगालच्या जीमूतवाहनाने दायभागात वारसा पिंडदानाने मृताला होणाऱ्या लाभाशी जोडला. महाराष्ट्रात चालले ते मिताक्षरेचे तत्त्व. तिच्यातल्या सहदायकीत मूळ पुरुष आणि त्याच्या खालच्या तीन पिढ्या येतात. श्राद्ध वर तीन पिढ्या मोजते, मिळकत खाली तीन. दत्तक मुलाचे तर दोन्ही एकदम बदलते: जन्मदात्याचा वारसा सुटतो आणि त्याला पिंड देण्याचा भारही.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड नाते स्वतःला धरून आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांवर आणले, आणि रूढीला सवलत दिली. मामेबहिणीशी लग्नाची अनेक मराठी समाजांतली चाल याच सवलतीवर टिकून आहे. पुढे 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीने सहदायक झाली. तिचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. विधीचे गणित मात्र जुनेच राहिले. मुलगा नसेल तर पत्नी, मुलगी, मुलीचा मुलगा यांना शास्त्रातही जागा आहे आणि आज अनेक मुली वडिलांचे अंत्यविधी आपल्या हाताने करतात. पण विवाहित स्त्रीचा स्वतःचा पिंड सासू, आजेसासू आणि पणजेसासूच्या पिंडांतच मिसळतो. वडिलांच्या वडिलोपार्जित मिळकतीत तिचा वाटा जन्मापासून आहे; त्यांच्या पितरांच्या रांगेत तिला जागा नाही.