प्रार्थनेतील ‘तू’ : शाळेचे गीत आणि आपली मुले

शाळेच्या परिपाठासाठी सर्वांना म्हणता येईल असे प्रार्थनागीत रचावे, अशी विनंती एका मुख्याध्यापकांनी गेल्या वर्षी माझ्याकडे केली. त्या शाळेत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध आणि जैन अशा सर्व घरांतील मुले शिकतात. विनंती साधी वाटली, तरी तिच्या पोटात एक कठीण प्रश्न आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार दुआ ही स्वतःच इबादत आहे. मग ज्या गीतात इबादत आहे, ते अनेक श्रद्धांच्या मुलांनी एकत्र कसे म्हणावे? आणि सर्वांना चालावे म्हणून त्यातून इबादतच काढून टाकली, तर उरलेल्याला प्रार्थना का म्हणावे?

सामान्यतः यावर दोन तोडगे काढले जातात. पहिला तोडगा नावांच्या यादीचा. एका ओळीत चार धर्मांची चार नावे गुंफायची आणि ती सर्व एकच आहेत असे सांगायचे. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. प्रत्येक मूल आपले नाव येण्याची वाट पाहते आणि ज्याचे नाव वृत्तात बसले नाही ते बाहेरच राहते. शिवाय ‘सर्व नावे एकच’ हे विधान स्वतःच एक धर्मसिद्धान्त आहे. तो कुणाला मान्य असेल, कुणाला नसेल; पण गीत म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडी तो नकळत घातला जातो. पाहुण्याचे स्वागत करण्यासाठी त्याच्याकडून आधी कबुली घेण्याची गरज नसते.

दुसरा तोडगा नीतिपाठाचा. देवाचा उल्लेखच टाळायचा आणि आम्ही खरे बोलू, अभ्यास करू, देशाची सेवा करू असे म्हणायचे. यात आक्षेपार्ह काहीच नाही. परंतु परिपाठात प्रतिज्ञा असते, संविधानाची उद्देशिका असते, सुविचारही असतो. त्यांच्याच रांगेत आणखी एक प्रतिज्ञा उभी राहते, एवढेच. साने गुरुजींचे खऱ्या धर्मावरील सुप्रसिद्ध गीत आपल्याकडे प्रार्थना म्हणून गायिले जाते. ते उदात्त आहे, पण ते माणसाला केलेला उपदेश आहे. याउलट इक्बाल यांची ‘बच्चे की दुआ’ पाहा. तिथे मूल कुणाकडे तरी तोंड करून काहीतरी मागत आहे. भाव त्या मागण्यात आहे.

म्हणून प्रार्थनेची एक सोपी कसोटी सांगता येते. ओळीतून ‘तू’ काढून पाहावा. तो काढल्यावरही ओळ जशीच्या तशी उभी राहिली, तर ती प्रार्थना नव्हती. ती कोसळली, तरच ती प्रार्थना होती.

या कसोटीसाठी नमुना आपल्यासमोर दिवसातून अनेकदा येतो. सूरह फातिहा अवघ्या सात आयतींची आहे. आधी स्तुती आणि कृतज्ञता, मग बंदा आणि मालक यांचे नाते, आणि शेवटी एक निश्चित मागणी. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एकटा मनुष्य नमाज पढत असला, तरी ती मागणी ‘मला’ अशी नसते, ‘आम्हांला’ अशी असते. मुलांच्या गीताला हा क्रम आणि हे बहुवचन दोन्ही उपयोगी पडतात. त्या आधारे मी पादाकुलक वृत्त घेतले. प्रत्येक ओळीत आठ-आठ मात्रांचे दोन भाग असल्याने लहान मुलांना ते सहज पेलते.

न मागता तू सकाळ दिधली,
न मागता ही ओंजळ भरली;
खोटे येता ओठांवरती
जागी कर तू आमुची मती;
नसेल ज्याच्या डब्यात भाकर,
हात आमुचा तूच पुढे कर.

शेवटची ओळ कसोटीला लावून पाहावी. ‘आम्ही हात पुढे करू’ असे म्हटले तर ती प्रतिज्ञा झाली. ‘तूच पुढे कर’ म्हटल्यावर मूल कबूल करते की, माझा हात आपणहून पुढे होईलच असे नाही. बंदगीची सुरुवात या कबुलीतून होते.

खरा कस शब्दांच्या निवडीत लागला. मराठी भक्तिकाव्यात ‘चरणी’ हा शब्द सहज येतो. पण तो देवाला देह देतो आणि तौहीदवर वाढलेले मूल तिथे अडखळते. ‘आम्ही तुझी लेकरे’ हे शब्द तर किती जिव्हाळ्याचे! तरीही अल्लाहला ना अपत्य ना जनक, ही आपल्या श्रद्धेची मूळ शिकवण असल्याने आपले मूल ते मोकळ्या मनाने म्हणू शकत नाही. हे शब्द सोडताना ऊब कमी होते, हे मान्य केले पाहिजे. ती ऊब क्रियापदांतून परत आणावी लागते. ‘रब्ब’ या शब्दातही वाढवणे, सांभाळणे, हळूहळू पूर्णत्वाला नेणे हाच अर्थ आहे. म्हणून गीतात नात्याचे नाव न घेता देणे, भरणे, जागे करणे अशी क्रियापदे ठेवली. हाच न्याय उलट बाजूनेही पाळायला हवा. ‘सजदा’ किंवा ‘रहमत’ हे शब्द मला प्रिय आहेत. परंतु पहिल्या शब्दापाशी शेजारच्या बाकावरील मूल अडखळेल आणि दुसरा त्याला कळणार नाही, म्हणून तेही मी घेतले नाहीत. ‘ओंजळ’ मात्र ठेवली. दुआसाठी पसरलेले आपले तळहात आणि अर्घ्य देणारे हात, दोन्हींना ती ओळखीची आहे.

एवढे करूनही हे गीत सर्वांचे होत नाही. बौद्ध आणि जैन विचारात जग निर्माण करून दान देणारा ईश्वर नाही. त्या घरातील मुलासाठी हा ‘तू’ आपला नाही. तो ‘तू’ पुसट केला, तर गीत कुणाचेच राहत नाही. म्हणून मी गीताबरोबर दोन अटी सुचवल्या : गीतानंतर अर्धा मिनिट मौन असावे, आणि ज्याला म्हणायचे नाही त्याने आदराने उभे राहणे पुरेसे मानावे. संविधानाच्या कलम 28 नुसार सरकारमान्य किंवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीविना अज्ञान मुलाला धार्मिक उपासनेत सहभागी करता येत नाही. केरळमधील यहोवा साक्षीदार पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण ते गात नसत. त्यांना शाळेतून काढणे योग्य नव्हते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये दिला.

पालकांनी आपल्या मुलांनाही हेच शिकवावे. शाळेतील गीतात तौहीदशी न जुळणारी ओळ आली, तर चेष्टा न करता, कुजबुज न करता, त्या ओळीपुरते शांत उभे राहावे. धर्मात सक्ती नाही, ही कुरआनची शिकवण आपल्या मुलाच्या मौनाचे रक्षण करते आणि शेजारच्या मुलाच्या मौनाचेही. आणि ज्या ओळीत ‘तू’ म्हणताना मुलाचे मन निःशंकपणे अल्लाहकडे वळते, ती त्याने खुल्या गळ्याने म्हणावी. शाळेचे गीत म्हणजे नमाज नव्हे, तिची जागा ते घेऊ शकत नाही. पण डब्यात भाकर नसलेल्या सोबत्याची आठवण ठेवून मागितलेली दुआ दुआच असते. वल्लाहु आलम.