शब्द पानाचा नव्हे, पुस्तिकेचा

शिलाई मशीनच्या माहितीपुस्तिकेची पानं मोबाइलवर टिपून अनुवादाला दिली, की प्रत्येक फोटो हा स्वतंत्र मजकूर वाटू लागतो. आज पाच फोटो, उद्या सात. मग एका पानावरचं ‘टेन्शन’ पुढच्या पानावर ‘ताण’ होतं आणि शेवटच्या दोष-निवारणाच्या तक्त्यात ‘घट्टपणा’. प्रत्येक शब्द आपल्या जागी बरोबरच असतो. पण शिलाईखाली दोऱ्याचे फासे पडतात म्हणून तक्ता उघडणाऱ्या बाईला ‘घट्टपणा’ कुठून फिरवायचा ते कळत नाही, कारण आकृतीत त्या डायलला ‘टेन्शन’ म्हटलेलं असतं.

म्हणून सुरुवात पहिल्या पानापासून नको, भागांना क्रमांक दिलेल्या आकृतीपासून हवी. शब्दसूची इंग्रजी शब्दांवरून नव्हे, त्या क्रमांकांवरून करावी. मूळ पुस्तिका एकाच पट्टीला कधी ‘नीडल प्लेट’ म्हणते, कधी ‘थ्रोट प्लेट’. क्रमांक एक असेल तर मराठीतही नाव एकच. उलट ‘फूट’ हा शब्द दोन जागी येतो: कापड दाबणारा प्रेसर फूट आणि पायाने दाबायचं पेडल. इथे सरसकट शब्द बदलणारी आज्ञा दिली, तर ‘फूट वर उचलून दोरा ओवा’ ही महत्त्वाची सूचना पेडलकडे जाईल. प्रेसर फूट वर असतानाच टेन्शनच्या चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. तो बसला नाही तर खाली फासे पडतात. नाव चुकलं की उपायही चुकतो.

पानाच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा येणारं शीर्षक एकदाच अनुवादित करावं, अनुक्रमणिकेशी ताडून पाहावं आणि मजकुरापासून वेगळं ठेवावं. नाहीतर पान उलटताना अर्धवट राहिलेल्या वाक्याच्या पोटात ‘देखभाल’ हा शब्द शिरतो. फोटो मात्र टिपल्याच्या क्रमाने नव्हे, छापील पृष्ठांकाने लावावेत. १३ नंतर थेट १६ आलं, तर एक जोडपान टिपायचं राहिलं आहे हे तिथेच उमगतं. ‘पृष्ठ १४ पाहा’ अशा सूचनांसाठी मूळ पृष्ठांक अनुवादाच्या समासात ठेवावेत. मराठी मजकुराची लांबी वेगळी असल्याने पानं सरकतात. मांडणी पक्की झाल्यावरच नवे आकडे घालावेत.

शेवटची तपासणी पानागणिक करू नये, शब्दागणिक करावी. दोष-निवारणाच्या तक्त्यातलं भागाचं प्रत्येक नाव आकृतीत जसंच्या तसं सापडलं पाहिजे. एक जरी नाव सापडलं नाही, तर पानं सगळी झाली असली तरी अनुवाद पुरा झालेला नाही.