चिकन-भातात काय कमी पडतं

पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवताना एक गोष्ट मला वारंवार दिसते आणि ती मनाला लागते. कमकुवत हाडांची जी पिल्लं माझ्याकडे येतात, ती बहुतेक वेळा अतिशय मायेनं सांभाळलेल्या घरांतली असतात. तिथे पिल्लासाठी वेगळा कुकर लागतो, बोनलेस चिकन आणलं जातं, भात मऊ शिजवून कोमट करून वाढला जातो.

अशाच एका घरातलं चार महिन्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू आठवतं. वजन बारा किलो, अंगावर तजेला, डोळे चमकदार. आधी पुढचा पाय लंगडत होता, मग मागचा. उचलून घेतलं की कळवळायचं. काकूंनी आल्या आल्या सांगितलं, "डॉक्टर, बाहेरचं काही म्हणजे काही घातलेलं नाही. सगळं घरचं आणि ताजं." मी विचारलं, "चिकन हाडांसकट देता की काढून?" त्या म्हणाल्या, "काढूनच हो. घशात अडकलं तर?"

शिजवलेली हाडं काढायचीच असतात. त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या आतड्याला इजा करतात. त्यामुळे काकूंचं काही चुकलं नव्हतं. पण चिकनमधलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत असतं आणि फॉस्फरस मात्र मांसात भरपूर असतो. हाडं काढली की कॅल्शियम गेलं, फॉस्फरस राहिला. एक्स-रेमध्ये पिल्लाच्या मांडीच्या हाडाची बाहेरची भिंत कागदासारखी पातळ दिसत होती. हाड आजूबाजूच्या मांसापासून जेमतेम वेगळं ओळखता येत होतं, आणि एका जागी ते तुटण्याऐवजी दुमडलं होतं.

घरच्यांना सगळ्यात कोड्यात टाकलं ते रक्ताच्या रिपोर्टनं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल होतं. असंच होतं, कारण हृदय आणि स्नायू चालण्यासाठी रक्तातलं कॅल्शियम शरीर कोणत्याही किमतीला टिकवून धरतं. आहारातून मिळालं नाही की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपलं संप्रेरक वाढवतात आणि ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात सोडतं. फॉस्फरस जास्त असेल तर हे आणखी जोरात चालतं. म्हणून रक्त तपासून "कॅल्शियम ठीक आहे" असं म्हणणं या आजारात फसवं ठरतं. विचारायचं ते ताटात रोज नेमकं काय पडतं.

त्या वयाच्या आणि वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण नऊशे कॅलरी लागतात आणि त्यासोबत अडीच ग्रॅमच्या पुढे कॅल्शियम. चिकन, भात आणि वाटीभर दूध एवढ्यातून त्याचा जेमतेम आठवा हिस्सा मिळत होता. आम्ही त्याला मऊ अंथरुणावर, लहान जागेत, उड्या मारता येणार नाहीत असं ठेवलं आणि मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या संपूर्ण आहारावर आणलं. पहिल्या आठवड्यातच दुखणं कमी झालं. हाडं भरून यायला पुढचे काही आठवडे लागले.

प्रौढ कुत्र्याचं हाड असं लवकर दुमडत नाही आणि त्यामुळेच तिथली तूट वर्षानुवर्षं लपून राहते. वीस किलोचा, नसबंदी झालेला, रोज फिरायला जाणारा कुत्रा घेऊ. त्याला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. आता एक चांगलं घरगुती जेवण मांडू: शिजलेलं बोनलेस चिकन तीनशे ग्रॅम, शिजलेला भात तीनशे ग्रॅम, शंभर ग्रॅम दही, थोडं गाजर-फरसबी आणि चमचाभर तेल. कॅलरी बरोबर हजाराच्या आसपास येतात, प्रथिनं भरपूर, वासही असा की कुत्रा पातेल्याजवळून हलत नाही. पण कॅल्शियम मोजलं तर चिकनमधून पंचेचाळीस मिलिग्रॅम, भातातून तीस, दह्यातून सव्वाशेच्या आसपास आणि भाज्यांचं थोडं. सगळं मिळून सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आतच. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2006 मध्ये सुचवलेलं प्रमाण हजार कॅलरींमागे एक ग्रॅम आहे. फॉस्फरस मात्र या ताटात नऊशे मिलिग्रॅमच्या वर जातो. कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त असायला हवं. इथे ते चौपट कमी आहे.

यावर दोन उपाय मला नेहमी सुचवले जातात: दही वाढवू, नाहीतर नाचणी घालू. दह्यानं ही तूट भरायची तर आणखी सहाशे ग्रॅमच्या वर दही लागेल. नाचणीत कॅल्शियम खरंच चांगलं असतं, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण हजाराचा पल्ला गाठायला सव्वादोनशे ग्रॅम पीठ लागेल, म्हणजे त्या एका पिठातूनच पाऊण दिवसाच्या कॅलरी येतील. शिवाय नाचणीतलं फायटिक आम्ल त्यातलं बरंचसं कॅल्शियम शोषू देत नाही.

त्याऐवजी अंड्याच्या टरफलांची पूड घालावी. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळायची, पूर्ण वाळवायची आणि मिक्सरमधून मैद्यासारखी बारीक करायची. बोटांत कच लागली तर पुन्हा फिरवायची. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या ताटात अर्धा चमचा सपाट, म्हणजे अडीच ग्रॅम पूड घातली की साडेनऊशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि प्रमाण फॉस्फरसच्या सव्वापटीवर येतं. हा हिशेब प्रौढ, निरोगी कुत्र्यासाठीच आहे. पिल्लांसाठी घरगुती आहार मी स्वतःहून कुणाला लिहून देत नाही, त्यांच्यात चुकायला जागाच फार कमी असते.

कॅल्शियमचं जमलं तरी हे ताट पूर्ण होत नाही. झिंक लागतं पंधरा मिलिग्रॅम, मिळतं पाचच्या आसपास. पोळी किंवा वरण जास्त असेल तर फायटिक आम्ल त्यातलंही अडवतं. अशा कुत्र्याच्या डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती खपल्या धरतात, तळपाय जाड आणि भेगाळलेले होतात, आणि घरचे महिनोन्‌महिने ॲलर्जीची औषधं देत राहतात. ड जीवनसत्त्वाबाबत तर अनेकांना धक्का बसतो. आपल्याकडे ऊन भरपूर, कुत्रा गच्चीत लोळतो, मग कमतरता कशी? कारण कुत्र्याची कातडी उन्हापासून ड जीवनसत्त्व पुरेसं बनवूच शकत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि चिकन-भातात ते नगण्य असतं. आयोडीन, ई जीवनसत्त्व आणि तांबं यांचीही हीच गत. त्यामुळे एखादं मल्टिव्हिटॅमिन सिरप घातलं की झालं, असं होत नाही. माणसांच्या आणि कुत्र्यांच्याही बऱ्याच सिरपांत या गोष्टी नावापुरत्या असतात.

हे काही माझ्या दवाखान्यापुरतं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठानं 2013 मध्ये पुस्तकं आणि संकेतस्थळांवरच्या कुत्र्यांसाठीच्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता आणि 83 टक्क्यांहून अधिक पाककृतींत एकाहून जास्त. तिथेही तूट प्रेमाची नव्हती.

ड्राय फूडबद्दल लोक मला थोडं अपराधी वाटून विचारतात, जणू ते दिलं म्हणजे माया कमी पडली. मला तसं वाटत नाही. चांगल्या ड्राय फूडची खरी किंमत त्यातल्या मांसात नाही, आधीच केलेल्या हिशेबात आहे. झिंक, आयोडीन, ड जीवनसत्त्व, सगळं मोजून घातलेलं असतं. मात्र पाकिटावर तो आहार "संपूर्ण" आहे आणि कोणत्या वयासाठी आहे हे लिहिलेलं हवं, कारण पूरक खाऊची पाकिटंही तशीच दिसतात. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात, त्यामुळे वाटीनं अंदाजे घातलं तर लॅबसारखा कुत्रा वर्षात लठ्ठ होतो. पावसाळ्यात मोठी पिशवी आणू नये. उघडल्यावर दमट हवेत चरबी खवट होते आणि बुरशी धरते. दाणे डब्यात ओतण्यापेक्षा पिशवीसकट डब्यात ठेवावेत.

एक सवय मात्र कळकळीनं सोडायला सांगतो. संपूर्ण ड्राय फूडवर असलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको असलेलं कॅल्शियम नाकारता येत नाही. ते शोषलं जातं, आणि वाढणारे सांधे व हाडं वेडीवाकडी होतात. कमी कॅल्शियमनं लंगडणारी पिल्लं मी पाहिली आहेत, तशीच जास्त कॅल्शियमनं लंगडणारीही.

कच्च्या मांसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मी ते सुचवत नाही. "कुत्रा म्हणजे लांडगाच" हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसासोबत राहून तो भात-भाकरी पचवायला शिकला आहे. कच्च्या हाडांतून कॅल्शियम मिळतं, हे रॉ डाएटवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण झिंक आणि ई जीवनसत्त्व तिथेही कमी पडू शकतं. आणि दुकानातल्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असतात. फ्रीजरमध्ये ठेवून ते मरत नाहीत, फक्त थांबतात. कुत्रा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून आणि चाटण्यातून ते घरात पसरतात. शेळ्या-मेंढ्यांचं फुफ्फुस, यकृत कच्चं घालणं तर धोक्याचंच आहे. त्यात फीतकृमीच्या गाठी असल्या तर त्याची अंडी पुढे कुत्र्याच्या विष्ठेतून माणसापर्यंत येतात आणि माणसाच्या यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. घरात लहान मूल, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर मी हा विषय तिथेच थांबवतो.

ज्यांना शिजवूनच घालायचंय, त्यांच्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, नव्वद टक्के कॅलरी संपूर्ण ड्राय फूडमधून आणि वरच्या दहा टक्क्यांत चिकन, भात, भोपळा जे आवडेल ते, अर्थात कांदा-लसूण आणि मसाल्याविना. एवढ्यानं मूळ हिशेब बिघडत नाही. दुसरा, पशुआहाराचा अभ्यास असलेल्या डॉक्टरांकडून वजनावर मोजलेली पाककृती आणि तिच्यासोबतचं ठरावीक खनिज-जीवनसत्त्व मिश्रण. मूत्रपिंडं कमजोर झालेल्या आणि पाकिटातलं औषधी खाणं न खाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी हा दुसरा रस्ता मी स्वतः सुचवतो. तिथे फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवायचा असतो आणि घरच्या स्वयंपाकात तो नेमका कमी करता येतो.

या रस्त्यावर बिघडतं ते हळूहळू. पहिले दोन महिने काट्यावर वजन करून होतं. मग काटा कपाटात जातो. मिश्रणाचा डबा संपतो आणि नवा मागवायचा राहून जातो. चिकनऐवजी कधी पनीर येतं, कारण घरात श्रावण असतो. कलेजी आवडते म्हणून आठवड्याऐवजी रोज पडते, आणि अ जीवनसत्त्व साठत जातं. प्रत्येक बदल एकट्यानं पाहिला तर लहानच असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणीला येताना मी कुत्र्यासोबत तीन गोष्टी आणायला सांगतो: गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष काय काय घातलं त्याची यादी, मिश्रणाचा चालू डबा आणि घरात वापरतात तो चमचा. चमचे प्रत्येक घरात वेगळे असतात, आणि अर्धा चमचा म्हणजे किती, हे तो पाहिल्याशिवाय मला सांगता येत नाही.