कॅप्शन कुणाशी बोलतं?

इन्स्टाग्रामवरची काही प्रोफाइलं चाळताना फोटो एकाच माणसाचे वाटतात, पण खालचा मजकूर चौघांनी वाटून घेऊन लिहिल्यासारखा. आपण दोष शब्दांना देतो. माझ्या मते खरा घोळ ऐकणाऱ्याचा असतो: लिहिणारा दर वेळी वेगळ्याच माणसाशी बोलत असतो.

गडकिल्ले भटकणाऱ्या एका मुलीची राजगडावरची तीन कॅप्शनं घेऊ. पहिलं, ‘सह्याद्रीच्या कुशीत विसावलेला राजगड, इतिहासाचा मूक साक्षीदार.’ दुसरं, ‘मित्रांनो, पावसाळ्यात इथे नक्की भेट द्या!’ तिसरं, ‘पाय गेले कामातून, पण खालचे पोहे भारी होते.’ पहिलं कुणाशीच बोलत नाही, ते माहितीपत्रक आहे. दुसरं गर्दीला उद्देशून आहे. तिसरं मात्र नोकरीपायी येऊ न शकलेल्या मामेबहिणीला सांगावं तसं आलंय, आणि त्या मुलीचा स्वतःचा आवाज तोच. तेव्हा ऐकणारी म्हणून ही मामेबहीणच धरायची आणि उरलेली दोन तिच्यासाठी पुन्हा लिहायची.

इथे मराठीची एक अडचण येते. बहिणीला ‘तू’ म्हणावं, तर वाचणाऱ्या काका-मावश्यांना खटकतं. ‘तुम्ही’ म्हटलं की लगेच सूचनाफलक होतो. यातून वाट निघते ती वाक्य ‘मी’वर ठेवल्याने. ‘नक्की भेट द्या’ऐवजी ‘कातळ इतका ओला होता की साध्या बुटांनी दोनदा घसरले.’ सल्ला पोचतो, संबोधन लागतच नाही. पहिल्याचं होईल, ‘गुंजवण्याहून चोरदरवाजाने चढले. शेवटी रेलिंगला लटकतच वर आले, आणि समोर पद्मावती तलाव.’ कुशी आणि साक्षीदार आपोआप गळाले, कारण बहिणीशी बोलताना ते तोंडात येतच नाहीत.

फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणून आवाज पहिल्याच वाक्यात हवा. तिथे सुविचार टाकून खाली घरगुती बोलणं ठेवलं, तर ते फार थोड्यांपर्यंत जातं. इमोजीचं फारसं मनावर घेऊ नये, एरवी चॅटवर बोलताना वापरता तेवढेच ठेवावेत.

पारखायचं असेल तर शेवटची दहा-बारा कॅप्शनं फोटोंशिवाय एका नोटमध्ये उतरवावीत आणि सलग मोठ्याने वाचावीत. जिथे सूर निवेदकासारखा चढतो, तिथे ऐकणारा बदललेला असतो. पोस्ट टाकल्यानंतरही कॅप्शन दुरुस्त करता येतं, पण जुनं सगळं खरवडत बसू नये. वरच्या दोन-तीन रांगा पुरेत.

मूड मात्र बदलू द्यावा. आजी गेल्याची पोस्ट पोह्यांच्या सुरात लिहायची नसते. ती त्याच बहिणीला, हळू आवाजात सांगायची असते. कठीण जाते ती जाहिरातीची पोस्ट. कंपनी तयार मजकूर पाठवते, त्यातली माहिती घ्यावी, पैसे घेतल्याचं स्पष्ट लिहावं आणि वाक्यं आपली ठेवायची परवानगी काम स्वीकारण्याआधीच मागून घ्यावी.