जुनी वस्त्रे आणि अश्वत्थामा

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विसावा व बाविसावा हे श्लोक आपल्या घरांतून शोकाच्या प्रसंगी आवर्जून म्हटले जातात. पहिल्यात आत्म्यास जन्म व मरण नाही असे सांगितले आहे. दुसऱ्यात देहत्यागास जुनी वस्त्रे बदलण्याची उपमा दिली आहे. येथे विचारी मनुष्यास एक शंका येतेच. आत्मा मरतच नसेल, तर मारणाऱ्यास पाप कसले? त्याने केवळ एक वस्त्र फाडले, इतकेच ना?

ह्याचे उत्तर गीतेतील विवेचनाच्या क्रमातच आहे. आत्म्याच्या नित्यत्वाचे विवेचन तिसाव्या श्लोकाशी संपते, आणि त्या श्लोकात त्याचा निष्कर्ष 'शोक करू नकोस' असा काढलेला आहे. अर्जुनाने युद्ध का करावे, हे सांगण्यासाठी भगवंतांनी एकतिसाव्या श्लोकापासून क्षत्रियाच्या स्वधर्माचा निराळा विचार मांडला. आत्मा अमर आहे एवढ्यानेच मारणे योग्य ठरत असते, तर ह्या दुसऱ्या विचाराची गरजच उरली नसती. शिवाय विसावा श्लोक थोड्या शब्दभेदाने कठोपनिषदातही आढळतो. तेथे रणांगण नाही. मृत्यूनंतर काय, असे विचारणाऱ्या बालक नचिकेत्यास यमाने दिलेला तो उपदेश आहे.

आता महाभारतातीलच एक प्रसंग पाहू. युद्ध संपल्यावर अश्वत्थाम्याने रात्री शिबिरात शिरून द्रौपदीच्या पाचही पुत्रांचा वध केला आणि पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. आत्मा अविनाशी आहे हे अर्जुनास सांगणारे श्रीकृष्ण तेथेच होते. परंतु 'मुलांनी केवळ वस्त्रे बदलली' असे म्हणून त्यांनी अश्वत्थाम्यास क्षमा केली नाही. त्यास बालघातकी म्हणून, तीन सहस्र वर्षे रोगग्रस्त व एकाकी होऊन पृथ्वीवर भटकशील, असा शाप त्यांनी दिला. आपल्या इंदूरहून खंडव्यावरून बुऱ्हाणपुराकडे जाताना असीरगडचा किल्ला लागतो. तेथील शिवमंदिरात तो अद्याप पूजेस येतो, असे लोक सांगतात. ही दंतकथा असली, तरी अपराध विसरला जाऊ नये हा लोकमनाचा कौल तीत स्पष्ट दिसतो.

दृष्टांतातील 'जीर्ण' हा शब्दही ध्यानी घ्यावा. वस्त्र जीर्ण झाल्यावर ते टाकणारा स्वतः देहीच आहे. दुसऱ्याच्या अंगावरील नवे वस्त्र बळाने ओढून घेणाऱ्याचा त्या उपमेत उल्लेखही नाही. द्रौपदीच्या कोवळ्या पुत्रांची वस्त्रे कोठे जीर्ण झाली होती?

सारांश, हे श्लोक ज्याचे माणूस गेले आहे त्याच्या सांत्वनासाठी आहेत. ज्याच्या हातून कोणाचा घात झाला, त्याने ते आपल्या बचावासाठी म्हणू नयेत. त्याच्या कर्माचा विचार धर्माच्या कसोटीवर निराळाच होईल.